साय कुठे जाते?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझ्या बायकोबद्दल एक बातमी बरेच दिवस फिरत होती. तिचं कोलेस्टेरॉल वाढलंय, घरी ती पथ्याचं जेवते आणि गुरुवारी भजनी मंडळात जाऊन चोरून पावभाजी हाणते. ही बातमी खोटी होती. ती पसरवणारा माणूस मीच होतो. आज वयाची पंच्याहत्तरी ओलांडल्यावर हे लिहून टाकतोय, कारण अजूनही सोसायटीच्या बाकावर बसणारे काही जण तिला बघून मिश्किल हसतात.

निवृत्त झाल्यावर घरात माझ्याकडे एकच खातं आलं, दुधाचं. तबेल्यातून म्हशीचं दूध घ्यायचं, तापवायचं, गार झालं की वरची जाड साय अलगद उचलायची, दही लावायचं, आठवड्याला लोणी काढायचं, तूप कढवायचं. पनीरसुद्धा मीच करायचो. ऑफिसात आयुष्यभर फायली सरकवल्या, पण दह्याला कवडी पडली की जो आनंद व्हायचा, तो कुठल्याच फायलीने दिला नव्हता.

मग हिच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं. एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, तेव्हा तीन महिने खाण्यावर बघू. लोणी-तूप कमी, दूध-दही-पनीर कमी फॅटचं. नाही उतरलं तर गोळीचा विचार करू."

हिला गोळीचं वावडं नव्हतं. पण ती हट्टाला पेटली. "खाऊन चढलंय ना, मग न खाऊन उतरवते की नाही बघा," म्हणाली. बाजारचं पिवळं लोणी तिने त्या दिवशी बंद केलं. चीज बंद. खारी, वडापाव बंद. मीही कंबर कसली. तिच्या दह्याच्या आणि पनीरच्या दुधावरची साय मी अशी काढायचो की तिचा कण राहू नये. लेक अंधेरीहून फोन करायची, तेव्हा मी छाती फुगवून सांगायचो, "आपलं घर आता पूर्ण लो फॅट."

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. एकशे छप्पन्न.

मी कागद हातात धरून उभा होतो आणि डोक्यात एकच गोष्ट आली. घरात तर मी पहारा देतोय. मग हे येतंय कुठून?

"गुरुवारी मंडळात काय देतात गं?" मी विचारलं.

"शेंगदाणे. नाहीतर केळं. का?"

"परवा तुमच्या हॉलमधून पावभाजीचा वास येत होता."

"तो खालच्या गाडीवरचा वास. तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काही नाही. आकडा बोलतोय."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच थांबायला हवं होतं. संध्याकाळी बाकावर मित्राने विचारलं, "काय रे, वहिनींचं उतरलं का?" आणि मी म्हणालो, "कसलं उतरतंय! भजनाच्या नावाखाली बायका लोणी घातलेली पावभाजी चेपतात, यार." सगळे खो खो हसले. मला हशा मिळाला. दोन दिवसांत तो विनोद जिना चढून मंडळात पोचला.

त्या गुरुवारी ही पाटल्या घालून, टाळ पिशवीत ठेवून निघाली आणि दहा मिनिटांत परत आली. टाळ कपाटात ठेवले. मंडळात अभंगाची पहिली ओळ हीच उचलायची. त्यानंतर तिने जाणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "घसा बसलाय." तिचा घसा चांगला ठणठणीत होता. तो कशामुळे बसला हे मला कळत होतं, पण आपण बरोबर आहोत असं वाटत होतं तोवर मी कशाला माघार घेतोय!

लेकीने मध्ये पडून आम्हा दोघांना घाटकोपरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई तरुण, चटपटीत. हिला सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता ते विचारत गेल्या. मी मध्येमध्ये तोंड घालत होतो. दही सायीशिवाय, पनीर सायीशिवाय, सगळी साय मी स्वतः काढतो, वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "काका, मग ती साय कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? डब्यात. फ्रीजमध्ये."

"आणि तिथून?"

"आठवड्याला लोणी काढतो. तूप कढवतो. घरचं, एकदम शुद्ध."

"आणि ते तूप कोण खातं?"

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. वरणभातावर तुपाची धार. फुलक्यांना तूप. खिचडीला तुपाची फोडणी. बाजारचं लोणी सुटलं म्हणून बिचारीला थालीपिठावर घरच्या लोण्याचा गोळा, तोही मी प्रेमाने, चमच्याने वाढलेला. ती "पुरे" म्हणायची. मी म्हणायचो, "घरचं आहे गं, औषध असतं."

कानशिलं तापली. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी एखादं अवघड गणित सुटावं तसा आनंदही झाला. सापडलं! चोर सापडला! फॅट घराबाहेर गेलंच नव्हतं. दह्यातून काढून मी ते तिच्याच ताटात परत नेत होतो.

बाईंनी नीट समजावलं. दुधातल्या फॅटमध्ये निम्म्याहून जास्त संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, फॅट असतं. ते जास्त खाल्लं की रक्तातलं एलडीएल उचलण्याचं यकृताचं काम मंदावतं, म्हणून आकडा चढतो. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ फॅट. घरचं असो की बाजारचं, रक्ताला दोन्ही सारखंच. दुसरं, म्हशीच्या दुधावरची साय हाताने काढली तरी बरंच फॅट खाली दुधात राहतं. म्हणजे माझं दही मला वाटत होतं तेवढं कमी फॅटचं नव्हतंच.

"दह्यापनीरला घाबरू नका," बाई म्हणाल्या. "तेवढंच फॅट लोण्यातून गेलं तर एलडीएल जास्त चढतं, दह्या-चीजमधून गेलं तर कमी, असं दिसतं. तुमच्या घरात मुख्य प्रश्न लोण्या-तुपाचा आहे. आधी ते आवरा. मग दही आणि पनीर डबल टोन्ड, म्हणजे बरंच फॅट काढलेल्या, दुधाचं करा. प्रथिनं, कॅल्शियम कुठे जात नाही. आणि तुपाची जागा जॅम, बिस्किटांनी भरू नका. शेंगदाण्याचं थोडं तेल, डाळी, उसळी, मूठभर दाणे. फळांचं गोड दही कमी फॅटचं मिळतं, पण त्यात साखर असते, तेही नको."

बाहेर आल्यावर ही एवढंच म्हणाली, "आकडा बोलत होता ना तुमचा?"

माफी मागायला तोंड उघडलं, पण मी वकिली केली. "आत्ताच काय सांगायचं लोकांना? आधी उतरू तर दे. रिपोर्ट हातात घेऊनच जाईन मंडळात."

"जा हं," ती म्हणाली. "मी तोवर नाही जाणार."

झालं, आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. काय दिवस होते ते! डबल टोन्ड दुधाचं पहिलं दही लावलं तर पाणीच पाणी. ही म्हणाली, "हे खायचं की प्यायचं?" पहिलं पनीर खोडरबरासारखं झालं, आणि एवढं कमी की भाजीत शोधावं लागलं. मी हार मानली नाही. दूध थोडं आटवलं, त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर चमचाभर विरघळवली, विरजण लावून भांडं टॉवेलात गुंडाळलं. सकाळी झाकण उघडलं आणि ओरडलोच, "अगं ये! कवडी पडली!" ती धावत आली, चमचा उभा रोवून बघितला. चमचा उभा राहिला. पनीर फार उकळायचं नाही, फार दाबायचं नाही, हे कळल्यावर तेही मऊ झालं. दुधीच्या भाजीला शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, वर दाण्याचं कूट. लेक जेवून गेली आणि म्हणाली, "बाबा, झकास!" सायीचं भांडं मी घासून माळ्यावर टाकलं. माझंही तूप त्यात सुटलं, ते वेगळंच.

एकच गोष्ट बोचत होती. गुरुवारी संध्याकाळी हॉलमधून टाळांचा आवाज यायचा आणि ही मुद्दाम मिक्सर लावायची.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट मोबाइलवर येणार होता. मी सकाळपासून मोबाइल हातात घेऊन येरझारा घालत होतो.

"बसा हो. मुलाचा निकाल आहे का बारावीचा?"

"तुझाच आहे. आणि माझाही."

टिंग वाजलं. चष्मा सापडेना. डोक्यावर होता. ओळी भरभर वर सरकवल्या. एलडीएल एकशे सदतीस!

"उतरलं! अगं, उतरलं!" मी चाळिशीतल्या माणसासारखी उडी मारली, गुडघ्याने लगेच वय सांगितलं. ही पदराने डोळे पुसत हसत होती. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. असंच चालू ठेवा, पुन्हा तपासू. तूर्तास गोळी नको."

वार गुरुवारच होता. मला वाटलं, आता ही खूश आहे, विसरली असेल. पाच वाजता ती टाळांची पिशवी घेऊन दारात उभी. "चला."

हॉलमध्ये बायका बसल्या होत्या. मी मोबाइल उंच धरून रिपोर्ट वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मी भाषणच ठोकलं. साय, लोणी, तूप, यकृत, डबल टोन्ड, सगळं. "तर दोष पावभाजीचा नव्हता," मी समारोप केला, "दोष तुपाचा होता."

"तूप आपोआप चढलं का हो माझ्या पोळीवर?" मागून हिचा आवाज.

खसखस पिकली. पेटी वाजवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "आणि पावभाजी कुठून आली, भाऊ? आमच्याकडे तर दाणेच असतात."

मग मात्र सुटका नव्हती. मी म्हणालो, "तूप मी वाढलं. पावभाजी मी बनवली, बाकावर बसून, हसवण्यासाठी. हिने एक घास चोरून खाल्ला नव्हता. मला माफ करा. तूही कर गं."

मग वहिनी म्हणाल्या, "दंड लावा यांना. पुढच्या गुरुवारचा प्रसाद यांच्याकडे. त्या कवडीच्या दह्याचा मठ्ठा."

"मीठ बेताने," ही म्हणाली, माझ्याकडे न बघता. मग ती पुढे जाऊन आपल्या जागी बसली, टाळ काढले आणि पहिली ओळ उचलली. एवढ्या महिन्यांनंतर आवाज जरा वर लागला, पण तिने तो खाली आणला नाही. बायकांनीच वर चढून तिला गाठलं.

बाकावर मात्र मी हे असं कधी बोललो नव्हतो. म्हणून आज लिहिलं. उद्या संध्याकाळी हा कागद तिथे मोठ्याने वाचणार आहे.