सात सप्टेंबरचा पोळा

एकोणीसशे तीसच्या दशकात मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात भाषांतरकार होतो. जुने मोडी कागद वाचायचे, त्यांचं इंग्रजी करायचं आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर इंग्रजी तारीख घालायची, एवढंच माझं काम. तारखेचा नियम कडक होता. कागदात शक असो की हिजरी सन, मुन्सफसाहेबांच्या टेबलावर तो इंग्रजी महिन्यातूनच गेला पाहिजे. त्यासाठी माझ्याजवळ एक जाड जंत्री होती. शकाचं वर्ष, महिना आणि तिथी शोधायची, समोरच्या रकान्यातली इंग्रजी तारीख उतरवायची. बारा वर्षं मी ती उतरवली आणि त्यात काही डोकं लागतं असं मला कधी वाटलं नाही.

रिसोडकडच्या एका गावात पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा होत्या, थोरली आणि धाकटी. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची, यावरून त्यांचं दोन पिढ्या वाकडं होतं. मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, आणि पोळा फुटल्याशिवाय बाकीच्यांनी झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल धरून उन्हात उभं राहायचं. एके वर्षी दोन्ही जोड्या एकदमच तोरणात घुसल्या. तोरण खाली आलं, एका बैलाचं शिंग मोडलं आणि मामला कोर्टात आला.

थोरल्या पातीच्या पाटलाने एक महजर हजर केला. महजर म्हणजे जुन्या काळच्या गावसभेचा निवाडा. त्यावर गावच्या बलुतेदारांच्या निशाण्या होत्या आणि मान थोरल्यांचा असं स्वच्छ लिहिलं होतं. तारीख होती शके १६७४, अंगिरा नाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, गुरुवार. निवाडा पोळ्याच्याच दिवशी झाला होता. मी जंत्री उघडली आणि भाषांतरावर लिहिलं : ७ सप्टेंबर १७५२. शाई टिपली आणि चहा प्यायला गेलो.

धाकट्या पातीचा वकील तरुण होता. नागपूरहून नुकताच शिकून आलेला, इंग्लंडचा इतिहास तोंडपाठ. साक्षीच्या दिवशी तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "हा कागद बनावट आहे. त्याच्यावरची तारीख जगात कधी उगवलीच नाही."

मुन्सफांनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"१७५२ साली सप्टेंबरची दोन तारीख संपली आणि दुसऱ्या दिवशी चौदा तारीख आली. मधले अकरा दिवस पार्लमेंटने कायद्याने काढून टाकले. सात सप्टेंबर त्या अकरांतला. जो दिवस नव्हता, त्या दिवशी सभा भरवायला गावकरी जमले कुठे?"

त्याने इतिहासाचं पुस्तक पुढे केलं. मुन्सफांनी ते दोनदा वाचलं. थोरल्या पातीचे वकील वयस्कर होते आणि त्यांना दुपारी डुलकी लागत असे. ते जागे झाले तोवर त्यांचा पुरावा सरकारी कायद्याने नाहीसा झाला होता.

थोरला पाटील हात जोडून उभा राहिला. "साहेब, एक इचारू? मंग आमच्या आज्याच्या आज्याने त्या सालचा पोळा केला का नाई? बैल तर होते ना."

"बैलांचा प्रश्न नाही, तारखेचा आहे," तरुण वकील म्हणाला.

"पन तारीख तर ह्या बाबूनं लिवली," पाटलाने माझ्याकडे बोट केलं. "आमच्या कागदात सप्टेंबर कायले असंल?"

कोर्टात मी पहिल्यांदाच कुणाच्या नजरेत भरलो, आणि तेही आरोपीसारखा. मुन्सफांनी मला पंधरा दिवसांत खुलासा लिहून द्यायला सांगितलं. मूळ कागदात नसलेल्या महिन्यावरून मूळ कागद खोटा ठरू घातला होता, हे खोलीत फक्त त्या अडाणी पाटलाच्या लक्षात आलं होतं. 

रविवारी मी बैलगाडीने रिसोडला गेलो. तिथे एक म्हातारे जोशी पंचांग करत. ओसरीवर पाटी घेऊन बसले होते. मी सगळी हकिगत सांगितली. इंग्रजांनी अकरा दिवस टाकून दिले हे ऐकून त्यांनी पाटी खाली ठेवली.

"काहून टाकले?"

मी पुस्तकातून जमवलेलं सांगितलं. त्यांचं जुनं वर्ष तीनशे पासष्ट दिवस आणि सहा तासांचं होतं, दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त. पण ऋतूंचं वर्ष त्याहून अकराएक मिनिटांनी लहान. त्यामुळे सव्वाशेएक वर्षांत एक दिवस चुकायचा. शतकं गेली तसा त्यांच्या ईस्टरचा सण वसंतातल्या दिवस-रात्र सारखे असण्याच्या दिवसापासून ढळू लागला. मग रोमच्या पोपने १५८२ साली दहा दिवस गाळले आणि नियम केला की शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच जास्तीचा दिवस द्यायचा. इंग्रज त्या पोपला मानत नव्हते. म्हणून ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चूकच धरून बसले. मधे १७०० साली त्यांनी जास्तीचा दिवस घेतला, पोपची रीत मानणाऱ्यांनी घेतला नाही, आणि दहाचे अकरा झाले.

जोशी मान हलवत ऐकत होते. "म्हणजे चूक माहीत होती. पण सांगणारा पटत नव्हता."

"तसंच."

"हे तर आपल्या गावासारखंच झालं," ते म्हणाले. "आता मला सांगा, दोन तारखेला कोणता वार होता, आणि चौदाला कोणता?"

मी वही पाहिली. "दोनला बुधवार, चौदाला गुरुवार."

जोशी हसले. "मग त्यांनी दिवस कुठे टाकले? नावं टाकली. वार तर ओळीने चालले. बुधवारच्या रात्री निजले आणि गुरुवारी उठले, एवढंच. तुमच्या मुन्सफाला सांगा, सूर्याला काही नोटीस मिळाली नव्हती."

मग त्यांनी आपली रीत दाखवली. त्यांच्या गणितात महिने शेवटी येतात. आधी अहर्गण, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून आजवर उगवलेले एकूण दिवस. त्या मोजणीत खाडा नाही, कुणाचा कायदा नाही. तिथी असो की तारीख, आधी त्या मोजणीत न्यायची आणि मग तिथून हव्या त्या पंचांगात उतरवायची. तासभर पाटी भरली आणि पुसली. शेवटी म्हणाले, "अमावास्या पहाटे सरते, शुक्रवार उजाडायच्या जरा आधी. घटका इकडेतिकडे होऊन ती सूर्योदयाला उरली तर शुक्रवारही निघेल. पण तुमच्या कागदात गुरुवार लिहिलाय. वार हा साक्षीदार असतो, तो आपली शंका मिटवतो."

मी घरी येऊन बोटांवर मोजलं. इंग्रजांचा चौदा सप्टेंबर गुरुवार. जोशींच्या मोजणीप्रमाणे आपला गुरुवार त्याच्या बरोबर सात दिवस आधीचा. नव्या रीतीने मागे गेलं तर सात सप्टेंबर. माझी जंत्री छापणाऱ्याने सगळी मागची वर्षं नव्याच रीतीने मोजली होती. प्रस्तावनेत तसं लिहिलंही होतं. बारा वर्षांत मी प्रस्तावना वाचली नव्हती. पण त्या वेळचा इंग्रज मागे गेला तर चौदाच्या आधी त्याला दोन, मग एक, मग ऑगस्टची एकतीस, आणि असं करत गुरुवारी तो पोचतो सत्तावीस ऑगस्टला. दिवस तोच. एक नाव त्या दिवशी लंडनात चालत होतं, दुसरं आपण मागाहून चिकटवलेलं.

कोर्टात मी हे बोटांवर करून दाखवलं. मुन्सफांनीही टेबलाखाली बोटं मोजली, मला दिसली.

तरुण वकील उठला. "म्हणजे या एका कागदाला आता तीन तारखा झाल्या. खरा कागद एवढा चंचल असतो का?"

मुन्सफ म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा जन्म घरी कोणत्या तिथीला सांगतात?"

"आषाढ शुद्ध दशमी."

"आणि नोकरीच्या अर्जात तुम्ही इंग्रजी तारीख लिहिली असेल. मग तुम्ही बनावट का?"

 महजर खरा ठरला, मान थोरल्या पातीकडे गेला. मला शेऱ्यात शाबासकी मिळाली आणि प्रस्तावना वाचत जावी अशी सूचनाही.

इथे हे संपायला हवं होतं. पण हुकूमनामा इंग्रजीत लिहायचा होता, आणि मुन्सफांना आता तारखांची गोडी लागली होती. नेमकेपणासाठी त्यांनी लिहिलं की थोरल्या पातीची जोडी दर वर्षी पोळ्याच्या दिवशी, म्हणजे ७ सप्टेंबर रोजी, पहिली जाईल. त्याचं मराठी मीच केलं. मी वाचलं, मला खटकलं, आणि मी गप्प बसलो. नुकतीच शाबासकी मिळालेला माणूस साहेबाची चूक काढत नाही.

पुढच्या वर्षी श्रावणी अमावास्या ऑगस्टातच आली. गावाने तोरण बांधलं, आणि धाकटा पाटील हुकूमनाम्याची नक्कल घेऊन तोरणाखाली उभा राहिला. "ह्याच्यात सात सप्टेंबर लिवलं हाये. आज तर ऑगस्ट हाये. आज मान आमचा." बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराने कागद दोनदा वाचला आणि कबूल केलं की लिहिलंय तसंच. धाकट्यांची जोडी पहिली गेली आणि पोळा फुटला.

थोरला पाटीलही हटणारा नव्हता. सात सप्टेंबरला त्याने आपलं तोरण बांधलं, बैलांची शिंगं पुन्हा रंगवली आणि वाजंत्री लावली. बाकी गाव निंदणीला गेलं होतं. मला मुद्दाम बोलावणं आलं होतं म्हणून मी गेलो. ती जोडी एकटीच तोरणाखालून गेली. वाजंत्री वाजवणारे तिघे होते, बघणारा मी.

"कसं वाटलं बाबू?" पाटलाने विचारलं. 

मी झुलीवरून हात फिरवला. बैलांना पुरणपोळी वाढली होती. अवघ्या पंधरवड्यात दोनदा मिळाल्याने ते मात्र खुशीत होते.

"मले एकच सांगा," तो म्हणाला, "ही तारीख कोनं घातली?"

"लिहिली साहेबांनी," मी म्हणालो. "पण मी वाचली होती. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

 मग त्याने बायकोला हाक मारून माझं पान वाढायला सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी मी मुन्सफांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?" मी हो म्हणालो. थोरल्यांच्या वकिलांनी दुरुस्तीचा अर्ज दिला, यावेळी डुलकी न काढता. ७ सप्टेंबर कापून तिथे 'श्रावण वद्य अमावास्येस' हे शब्द गेले. इंग्रजी हुकूमनाम्यात ते मराठी शब्द मोठे चमत्कारिक दिसत होते. वरिष्ठ कचेरीतून एक पत्र आलं की या दिवसाची इंग्रजी तारीख कळवावी. मी उत्तर लिहिलं, दर वर्षी वेगळी असते, दर वर्षी कळवू. आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी कळवत राहिलो. त्या पत्रांची पोच कधी आली नाही.