झोपूनही न गेलेला थकवा

आठवडाभर आरमोरीला माहेरी नुसती झोपून आलेली कौसल्या नर्स उपकेंद्रात शिरताच बाळंतिणीवर खेकसली, "कण्हू नको!"

दाई बायनाबाई भडकली. "थकलेली बाई झोपली का ताजी होते. तुले माणसंच नकोशी झाली. पोर जन्मलं तरी हसत नाईस. हा थकवा नाई!"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. कौसल्या तडक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपुढे जाऊन धडकली. "नसबंदीच्या केसेस गोळा करत गावोगाव हिंडणं आता मले जमणार नाई. त्यानंच माणसं नकोशी झाली मले."

"मग राजीनामा द्या."

"काऊन? बाळंतपणं मीच करीन. केसेस तुम्ही आणा!"

दुसरी नर्स मिळत नव्हती. डॉक्टर गुरगुरत कबूल झाले.

दोन-तीन महिन्यांनी एक पोर जन्मताच रडलं आणि कौसल्या आपसूक हसली. डॉक्टरांशी भांडायला लावणारा तो राग मात्र तिनं जाऊ दिला नाही. त्यानंच तिला वाचवलं होतं.