म्यू दिलेला नसताना

दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमध्ये मी सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. पोरांना आवडतो, कारण मी उत्तर लवकर काढायला शिकवतो. चार पर्याय दिलेत ना, मग गणित उलटं सोडवा, म्हणजे एकेक पर्याय समीकरणात टाकून बघा आणि जो बसेल त्याला टिक करा. या एका युक्तीवर माझं नाव झालं. आज मला त्या नावाची किळस येते.

सपाट रस्त्यावर वळणाऱ्या गाडीचा धडा मी झोपेतही शिकवू शकतो. गाडीला सरळच जायचं असतं. तिला वळवायचं तर कुणीतरी वळणाच्या केंद्राकडे ओढायला हवं. गाडीचं वजन खाली आणि रस्त्याचा रेटा वर, आडवं त्यात काहीच नाही. उरतं ते टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. तेच गाडीला आत धरून ठेवतं. पण त्यालाही एक मर्यादा असते आणि ती मर्यादा म्यू ठरवतो, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट लागते. म्यू, त्रिज्या आणि गुरुत्व यांचा गुणाकार करा, वर्गमूळ घ्या, कमाल वेग मिळाला. त्यापुढे गेलात की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी बाहेर घसरणार. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. ते खोडताना मी फळ्यावर खडूची रेघ जोरात ओढतो आणि पोरं हसतात.

माझा धाकटा भाऊसुद्धा याच क्लासमध्ये माझ्यासमोर बसून हे शिकला. पुढे तो कुकटपल्लीला नोकरीला लागला, तिकडेच फ्लॅट घेतला. मी मात्र बरकतपुऱ्यातच राहिलो.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी तो बायकोला काचीगुड्याला सोडायला निघाला होता. तिला नांदेडची ट्रेन पकडायची होती, बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. निघायला उशीर झाला होता. कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर एक उजवं वळण आहे, अगदी सपाट. तिथे कार डावीकडे घसरत गेली आणि विजेच्या खांबावर आदळली. डावी बाजू पार आत गेली. भावजय जागीच गेली.

भावाचा हात मोडला आणि डोक्याला मार लागला. शेवटची दोन मिनिटं त्याला आठवतच नाहीत. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं तिचं विचारलं. दुसरं विचारलं ते मलाच.

"दादा, मी किती स्पीडमध्ये होतो?"

"रस्त्यावर वाळू असेल रे," मी म्हणालो. "तिकडे बांधकामं चालूच असतात."

वाळू मी आणली. कुणी पाहिली नव्हती, कुणी सांगितली नव्हती. पण आठवडाभरात नातेवाइकांत सगळे "वाळूमुळे झालं" असंच बोलायला लागले. पोलिसांनी कागदावर अतिवेग लिहिला होता. भाऊ मात्र दोन्हींवर गप्प असायचा. जेवायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही. मी भेटलो की तेवढं एकच विचारायचा.

"तू काढू शकतोस ना? खुणांवरून निघतं. काढून सांग. मी तिला मारलं का, एवढंच मला कळू दे."

नवव्या दिवशी मी टेप आणि सुतळी घेऊन गेलो. टायरच्या खुणा अजून होत्या. बाहेरच्या खुणेवर दोन टोकांना खडूने फुल्या केल्या, मध्ये सुतळी ताणली. वीस मीटर. मधोमध सुतळीपासून खूण एक मीटर लांब. म्हणजे वळणाची त्रिज्या पन्नास मीटरच्या आसपास. घसरणारी गाडी पकडीच्या टोकावरच असते, त्यामुळे आता फक्त म्यू घालायचा आणि वेग काढायचा.

तिथेच कट्ट्यावर बसून मी गणित केलं. आणि काय केलं, तर पर्याय आधी निवडला. चाळीस-पंचेचाळीस येऊ दे, असं मनात धरलं आणि उलटं सोडवलं. म्यू शून्य पॉइंट तीन घेतला की ताशी चव्वेचाळीस येतो. डांबरावर सैल वाळू असेल तर तीन चालतो. मी खूश झालो. खरंच खूश झालो, हे लिहितानाही लाज वाटते.

समोरच्या कारखान्याचा वॉचमन माझं मोजमाप बघत उभा होता. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी वाळू फार होती ना इथे?"

"मोड पे रेती कां थी साब?" तो नकारार्थी मान हलवत म्हणाला. "रेती तो गेट के सामने गिरती. वो गाडी जोर से आई, बस."

मी त्याच्यावर खेकसलो, तुला काय कळतं म्हणून. मग सुतळी गुंडाळायला वाकलो आणि खुणांकडे नीट पाहिलं. त्या काळ्या होत्या. दाट, सलग काळ्या, बाहेरच्या कडेपर्यंत. टायर सैल वाळूवर घसरलं तर वाळू इकडेतिकडे सारली जाते, दोन दिवसांत वाऱ्याने नाहीशी होते. रबर असं डांबरात उतरतं ते टायरने कोरडा रस्ता घट्ट धरलेला असताना. रस्त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं बिचाऱ्याने. म्यू शून्य पॉइंट सातच्या आसपास. वेग सदुसष्ट.

ट्रेन चुकायला नको म्हणून सदुसष्ट. चव्वेचाळीसने आला असता तर त्या वळणाला जेवढी ओढ लागली असती, ती त्याच रस्त्याने निम्म्याहून कमी जोर लावून दिली असती. ती दोघं गप्पा मारत वळली असती. आणि वस्तुमान कटतं, म्हणजे ती शेजारी बसली होती की नव्हती, याने त्या गणितात काहीच फरक पडत नव्हता. मी तिथे रस्त्याच्या कडेला बसून रडलो. वॉचमनने पाणी आणून दिलं, तेही मी घेतलं नाही.

भावाकडे गेलो तेव्हा तो बाल्कनीत बसला होता. हात गळ्यात बांधलेला. शेजारी तिच्या तुळशीची कुंडी होती, पाणी न घातल्याने सुकलेली.

"निघालं?"

"निघालं. चव्वेचाळीस."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता रडेल, मोकळा होईल. एवढ्याचसाठी मी जिने चढताना तो आकडा दहादा घोकला होता.

"त्रिज्या?"

"पन्नास."

त्याचे ओठ हलले. तोंडी गणित करायची सवय मीच लावलेली. कागद न घेता वर्गमूळ काढण्यात त्याच्या बॅचमध्ये तोच पहिला असायचा.

"म्हणजे म्यू तीन घेतलास."

"हौ."

क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी प्रत्येक बॅचला एक गोष्ट पाठ करून घेतो. गणितात जे दिलेलं नाही ते मनाने धरायचं नाही, आधी विचारायचं. हात वर करून तोही तेव्हा तेच विचारायचा, आणि आत्ताही त्याने तेच विचारलं.

"सर, दिलेला होता?"

घरात त्याने मला कधी सर म्हटलं नव्हतं.

"होता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि चांगला हात पुढे करून कुंडीतली सुकलेली पानं एकेक तोडायला लागला. त्यानंतर त्याने मला स्पीडबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाही.