निरोप न घेणारी रील

प्रणालीला अमरावतीच्या कॉलेजात कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि लग्न होऊन ती शेंदूरजनाघाटला आली तेव्हा संत्र्याच्या कलमांचं. दोन्ही वेडं एका घरात नांदवायची तिची धडपड होती. सासऱ्यांच्या रोपवाटिकेच्या रील ती मोठ्या हौसेनं करायची, पण लोक शेवटाआधीच अंगठ्यानं वर सरकवून मोकळे व्हायचे.

"लोकं पाह्यतच नाईत, तं कावून करून राह्यली तू?" सासरे पंजाबराव एकदा जेवताना म्हणाले. "अमरावतीच्या स्टुडिओवाल्यासंग बोलनं झालं माह्यं. सोमवारी येऊन राह्यला तो. आता सारं तोच पाह्यन."

"बाबा, सोमवारपर्यंत तं एक मौका द्या तिले," तिचा नवरा नितेश भाकरी मोडत म्हणाला.

"देल्ला."

लोक कुठपर्यंत बघतात ते दाखवणारे जुन्या रीलचे आलेख प्रणालीनं उघडले. प्रत्येकात रेघ एकाच जागी धाडकन खाली आलेली. तिथं पंजाबराव हात जोडून म्हणत, "राम राम मंडळी, पुन्हा भेटू," आणि मागून फोन नंबरची पाटी येई. हा निरोप त्यांच्याच हट्टापायी. यजमान हात जोडून उभा राहिला की पाहुणा चप्पल शोधणारच.

तेवढ्यात पंजाबराव टोपी घालून दारात आले. "येतो गं."

"मामाजी, जाता तुमी, अन् 'येतो' कावून म्हनता?"

"मंग 'जातो' म्हनू? जातो म्हनाले का मसनात चाललो मी?"

ते गेले, पण प्रणाली तिथंच उभी राहिली. बरोबरच तर होतं. घरातला माणूस जाताना येतो म्हणतो. मग रीलनंच जातो का म्हणावं? शेवट असा हवा की तो सुरुवातीतच परत यावा आणि बघणाऱ्याला कळूही नये.

पहिला प्रयत्न फसला. कलमाला पट्टी गुंडाळणारा हात तिनं सकाळी सुरुवातीसाठी टिपला आणि दुपारी शेवटासाठी. जोडून पाहिलं तर सावली उडी मारत होती, बोटं दुसरीच वाटत होती, आणि हळूहळू विरत गेलेलं गाणं एकदम मोठ्यानं सुरू होत होतं. चालताना ठेच लागावी तसं.

मग तिनं कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवला. "मामाजी, पट्टी गुंडाळता गुंडाळता बोला. मधात थांबू नका."

डोळा भरण्यात, म्हणजे फांदीवरची कळी काढून खुंटात बसवण्यात, पंजाबरावांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून ते पट्टी फिरवू लागले. "डोळा जिता असला, पट्टी घट्ट बसली, का मंग येतो कोंब. लेकरावानी जपा लागते त्याले."

प्रणालीनं हा एकसंध तुकडा बरोबर मधोमध, हात फिरत असताना, 'मंग'च्या पुढं कापला. मागचा अर्धा आणला पुढं आणि पुढचा अर्धा टाकला अगदी शेवटी. मधल्या जागेत वाफ्यांच्या रांगा, लगडलेलं झाड, त्याच्या फांदीवरून डोळा काढणारा चाकू आणि खुंटावरची चीर. आता रील सुरू व्हायची "येतो कोंब"नं आणि संपायची "का मंग"वर. शेवटचं चित्र आणि पहिलं चित्र मुळात शेजारी शेजारीच जन्मलेली, त्यामुळे सांधा दिसणार कुठून? गाणं तिनं काढूनच टाकलं, आणि पाखरांचा आवाजही त्याच जागी कापला. नंबर लिहिला वरच्या कोपऱ्यात, पूर्ण वेळ.

"माह्यं राम राम कुठं गेलं?" पंजाबरावांनी विचारलं.

"तुमी जातच नाई मामाजी, तं राम राम कशाले?"

रील टाकली आणि रविवारी मूर्तिजापूरहून पंजाबरावांचे जुने सोबती जानराव यांचा फोन आला. "पंजाब्या, तुह्या व्हिडिओ बिघडला का बे? चहा थंडा झाला, तुह्यी पट्टी काई संपून नाई राह्यली."

प्रणालीनं आकडे उघडले. माणशी पाहण्याचा सरासरी वेळ रीलच्या लांबीहून जास्त. म्हणजे लोक पूर्ण बघून पुन्हा बघत होते. ज्या जागी रेघ कोसळायची, तिथं ती आता जराही खाली आली नव्हती. लांबच्या गावांहून कलमांसाठी फोन सुरू झाले, आणि ते उचलता उचलता नितेशचा घसा बसला.

सोमवारी स्टुडिओवाला आला. पंजाबरावांनी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि मोबाईल धरला. "सांग बरं, सांधा कुठी हाय?"

तो बघत राहिला. पुन्हा, मग परत एकदा. "काका, हे कोणी एडिट केलं?"

"माह्या सुनेनं." पंजाबरावांनी टोपी नीट केली. "तू चहा घे अन् आरामात जाय बाबू. आमच्या घरचा कॅमेरा घरचंच मानूस धरन."

प्रणाली आत गेली तेव्हा ओसरीवरून पुन्हा तोच आवाज येत होता, "येतो कोंब..." स्टुडिओवाला उठायचं विसरला होता.