गाळलेली मुलाखत

गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांवर माझी पीएचडी. तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली, म्हणून आई घाटकोपरहून हौसेनं आली आणि मागच्या रांगेत बसली.

परीक्षकबाईंनी विचारलं, “युनियनचे अहवाल बाजूला ठेवून मुलाखतींवरच भर का?”

मी म्हणाले, “अहवालांत संपकरी पुरुष आहेत. त्यांना रांधून वाढणाऱ्या बायका त्यांत कुठेच नाहीत.”

“तुमच्या आईचीही खानावळ होती, असं ऋणनिर्देशात लिहिलंय. मग तिची मुलाखत का गाळली?”

मला रागच आला. आई ऐकत होती ना! तरी सांगितलं, “घेतली होती. नंतर ती म्हणाली, पुसून टाक. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पुसलीच असती. आईला वेगळा नियम कसा लावू?”

“प्रबंधाचं नुकसान झालं,” बाई म्हणाल्या.

“झालं,” मी म्हटलं.

परतताना रिक्षात आईनं हळूच विचारलं, “खरंच पुसलंस गं?”

“हो.”

तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“मेले, जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस. नेमकं हेच बरं ऐकलंस!”