पिनेवरचं बोट

आमची धाकटी जाऊ तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. खटकन पिन घालायची, ह्याचा फोन त्याला जोडायची आणि गप्प बसायची. ती गाते, हे आम्हा घरच्यांना कळलं ते ती निवृत्त झाल्यावर. मी चौथी शिकलेली खरी, पण कान तर होते की मला!

ह्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात तिच्या गाण्याच्या बाईंनी तिला दोन कडवी एकटीनं गायला दिली. जन्मात पहिल्यांदा. आणि नेमक्या बाईच घसरून पडल्या, खुबा मोडला. "मी पलंगावरून ऐकीन, पण तू गायचंस," म्हणाल्या. म्हणून कार्यक्रम फोनवरून थेट दाखवायचं ठरलं. "तुम्ही एक्स्चेंजच्या!" असं म्हणत मंडळानं ते लोढणं हिच्याच गळ्यात बांधलं.

तिनं मांडणी चोख केली. सभागृहाचं वायफाय मागच्या ऑफिसच्या दाराशीच धड येतं, तिथे स्टँड रोवला, हलू नये म्हणून पायाशी वजन अडकवलं. फोन आडवा बसवला. मधेच कुणाचा फोन आला तर सगळं तुटतं म्हणे, म्हणून एरोप्लेन मोड लावून वायफाय तेवढं चालू ठेवलं. फोनच्या माइकवर नुसती पंख्यांची घरघर येई, तेव्हा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर आणून फोनला जोडली. मी शेजारी खुर्चीत, दुसऱ्या फोनचे इअरफोन कानात घालून. पलीकडे काय पोचतंय ते सांगायचं, एवढंच माझं काम.

तिसऱ्या गाण्याला मी म्हणाले, "अगं, मुकं झालं!"

वायरची फोनमधली पिन ढिली होती. बोटानं दाबली की आवाज यायचा, सोडली की गप्प.

"चिकटपट्टी लाव."

"लावली. टिकत नाही. दुसरी वायर नाही त्याच्याकडे."

"मी धरते."

धरली. माझा हात कसला थरथरतो!

"सोडा जाऊबाई, बाईंना वाटेल भूकंप झाला."

मग तीच उभी राहिली, बोट दाबून, एका गाण्यामागून दुसरं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यात स्टेजवरून तिला बोलावलं. माइकपुढची जागा रिकामी. सगळ्या माना मागे वळल्या. हिचं बोट पिनेवरच.

"जा गं, दोन मिनिटं मुकं राहिलं तर राहू दे."

"बाईंना तेवढीच दोन मिनिटं ऐकायचीत."

एकाएकी म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या मागची पंख्यांची बटणं बंद करा. सगळी."

मी केली. तिनं पिन अख्खीच उपटली, तोंड फोनजवळ नेलं आणि तिथूनच गायला लागली. वायर काढली की फोन आपल्याच माइकनं ऐकतो, हे तिनं मला नंतर सांगितलं. चित्रात रिकामी जागा, आणि माझ्या कानात, जरा उशिरानं, तिचा श्वाससुद्धा.

टाळ्या पडल्या. लोक तिच्याकडे बघून हसत होते. तिला हात जोडता आले नाहीत. पुढचं गाणं सुरू होत होतं. तिनं पिन पुन्हा बसवली होती आणि बोट दाबून धरलं होतं.

"पंखे लावा," म्हणाली.