पाहुण्यांच्या शब्दाखातर केलेली पकड

इस्लामपूरच्या कबड्डी स्पर्धेत अंतिम सामना संपता संपता प्रमुख पाहुणे आले, म्हणून सामना थांबवण्यात आला. नियमात असं काही नाही. पण पाहुणेही नियमात बसणारे नव्हते.

आम्ही एका गुणाने पुढे होतो. मैदानात आमचे पाच गडी, आणि समोरच्या संघाची शेवटची चढाई बाकी. त्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. म्हणजे ही तिसरी, तिच्यात गुण मिळाला नाही तर चढाई करणारा आपोआप बाद. पाचच गडी असल्याने बोनसचीही सोय नाही. आम्ही फक्त लांब उभं राहायचं होतं. सरकारी कचेरीत रोज होतं तेवढंच काम.

आम्हाला ओळीत उभं करून घामेजल्या डोक्यांवर फेटे बांधले गेले. आमच्या कोपऱ्यात खेळणाऱ्या गड्याचा हात धरून पाहुणे म्हणाले, "आता एक जबरदस्त पकड दाखवा!" फेटे उतरले, सामना सुरू झाला आणि त्याने वडीलधाऱ्यांचा शब्द मोडला नाही. चढाई करणारा आत येताच त्याने घोट्यावर झेप घेतली. शेजारचा एक आणि मी, आम्ही दोघे त्याच्या मदतीला धावलो. त्या पठ्ठ्याने आम्हा तिघांना ओढत मध्यरेषेला हात टेकवला. तीन गुण.

पाहुण्यांनी 'पराभव ही विजयाची पायरी' हे सविस्तर समजावलं. पायऱ्या बऱ्याच होत्या.

मंडपामागे कोपरेवाला म्हणाला, "मी उद्या मामाच्या गलाईच्या दुकानात चाललो, सोनं गाळायला. मद्रासला. खेळ बास."

कप्तान ऊस पिकवणारा शेतकरी, भाषणाची सवय नाही. तो म्हणाला, "आधी खरं बोलू. चूक तुजी हाय. तिसऱ्या चढाईत झेप घ्यायची न्हाई, हे शाळेतलं पोरगंबी सांगंल."

कोपरेवाल्याने मान खाली घातली.

"आन माजीबी हाय. खेळ थांबला तवा तुमाला 'लांब ऱ्हावा' एवढंच सांगायचं व्हतं. मी फोटोसाठी छाती फुगवून हुबा. फोटो लय झ्याक आलाय, बघा पायजे तर." मग माझ्याकडे वळून, "आन तुमी दोगं साखळी करायला आला का वरातीला?"

कुणीतरी हसलं.

"पर गड्यांनो, उपांत्य सामना ह्याच्याच पकडींनी जिकला. तवा कुणी पाहुणा न्हवता. ऊठ रं."

कप्तानाने टाचेने मातीत रेषा ओढली आणि चढाईला आला. घोटा पुढे करून डिवचू लागला, "धर की! पाहुणं सांगत्यात, धर!"

कोपरेवाला चुळबुळला, पण मागेच राहिला. दम संपेपर्यंत कप्तान नाचला आणि रिकामा परतला.

"झालो बाद. एवढंच करायचं व्हतं. रविवारी कडेगावच्या सामन्यात कोपरा तुजाच."

कोपरेवाल्याने फोन काढला. "आवं मामा, उद्या न्हाई येत... न्हाई, आजारी न्हाई... हरलो." पुढची शिवीगाळ आम्हा सगळ्यांना ऐकू आली. त्याने फोन कानापासून लांब धरला होता.